मदत हवी आहे: अंबडमधली नोकरी बदलायची आहे, आत्ता सुरुवात करू की इन्क्रिमेंटचं पत्र घेऊन?

अंबड एमआयडीसीत क्वालिटीला आहे, साडेतीन वर्षं झाली. नोटीस ६० दिवसांची. इन्क्रिमेंटचं पत्र मेअखेर मिळतं, व्हेरिएबल जूनच्या पगारात येतं. आता फेब्रुवारी चालू आहे. गेल्या महिन्यात सातपूर आणि सिन्नरला मिळून अकरा ठिकाणी अर्ज टाकले, एकच फोन आला. वेळ चुकतेय का?

गोदाकाठ: मार्चपर्यंत कुणीच भरती करत नाही. थेट एप्रिलमध्ये बघ.

सातपूरकर_एचआर: गोदाकाठ, हे अर्धंच खरं आहे. नवीन जागांना मंजुरी बहुतेक एप्रिलनंतरच मिळते, कारण नव्या वर्षाचं बजेट तेव्हा हातात येतं. पण कुणी सोडून गेलं तर त्याची जागा मार्चमध्येही भरावी लागते, लाइन थांबवून चालत नाही. म्हणून फोन आला की आधी विचारा, जागा नवीन आहे की कुणी सोडलीय? नवीन असेल आणि ते 'अप्रूव्हल चालू आहे' म्हणाले, तर एप्रिलच्या मध्यात परत फोन करा.

खरी गर्दी जून-जुलैत. पत्र आणि व्हेरिएबल हातात पडलं की लोक राजीनामे टाकतात आणि त्यांच्या जागा उघडतात. तुमचं गणित उलटं मोजा. व्हेरिएबल जूनअखेर, राजीनामा १ जुलैला, सुटका ऑगस्टअखेर, सप्टेंबरच्या सुरुवातीला नवीन ठिकाणी. त्यासाठी ऑफर जूनअखेर हातात हवी. पहिल्या फोनपासून ऑफरपर्यंत महिना-दीड महिना सहज जातो, म्हणून अर्ज मेच्या मध्यापासून जोरात टाका.

सप्टेंबर का, तर बऱ्याच कंपन्यांत ३० सप्टेंबरपर्यंत रुजू झालेल्यालाच पुढच्या एप्रिलचं इन्क्रिमेंट मिळतं. १ ऑक्टोबरला गेलात तर थेट त्यापुढच्या एप्रिलला, म्हणजे दीड वर्ष त्याच पगारावर. ही तारीख ऑफर घेतानाच लेखी मागून घ्या.

सिन्नरची_आई: माझ्या मुलीचा मेकॅनिकल डिप्लोमा मेमध्ये संपतोय. तिनेही जूनपर्यंत थांबायचं का?

सातपूरकर_एचआर: नाही ताई, तिचं वेगळं आहे. तिला नोटीस नाही, इन्क्रिमेंटही नाही. तिने अप्रेंटिसशिपसाठी आत्ताच नाव घालावं.

प्रश्नकर्ता: पण मार्चमध्येच चांगली ऑफर आली तर? व्हेरिएबल सोडायचं?

सातपूरकर_एचआर: आधी तुमचं व्हेरिएबलचं पत्र वाचा. 'पैसे देण्याच्या दिवशी नोकरीत आणि नोटीसवर नसलेला' असं लिहिलं असेल, तर मार्चमध्ये राजीनामा दिलात की ती रक्कम गेली. तेवढा आकडा सांगून जॉइनिंग बोनस मागा.

पाथर्डीफाटा: मी असाच जूनपर्यंत थांबलो. तोपर्यंत त्यांनी दुसरा माणूस घेतला. मला तर आलेली ऑफर धरणंच बरं वाटतं.

प्रश्नकर्ता: पत्र काढून पाहिलं. 'नोटीसवर नसलेला' हे शब्द आहेत. ज्यांचा एक फोन आला होता, त्यांना उद्या विचारतो जागा कुठली आहे ते.