प्रतिसाद: पोरगा ‘हो-नाही’च्या पुढे जात नाही

> “दहावीतला मुलगा. काहीही विचारा, ‘हो’, ‘नाही’, ‘काही नाही’. बोलावं तरी कसं?”

दादा, आमच्याकडेही हेच होतं. शाळेतून आला की मी ताटावरच विचारायचो, “पेपर कसा गेला?” “बरा.” संपलं. समोरासमोर बसून विचारलं की पोराला ती झडतीच वाटते.

आमचं जमलं ते हरभऱ्याच्या ओलितात. रात्रीची लाईन, स्प्रिंकलरचे पाईप हलवायला दोन माणसं लागतातच. पाईप बदलले की पुढच्या पाळीपर्यंत धुऱ्यावर बसून राहायचं. अंधारात तोंड दिसत नाही, नजर चुकवायची गरज उरत नाही. मी प्रश्नच विचारला नाही, आपलंच सांगितलं, “मी बारावीत गणितात नापास झालो होतो, आठ दिवस घरी सांगितलं नव्हतं.” तो गप्प. मीही गप्प राहिलो, हेच जड गेलं. बऱ्याच वेळानं तोच म्हणाला, “बाबा, माहा दोस्त शाळा सोडून राह्यला.”

इथं मी “का?” विचारलं नाही. “सोडून राह्यला?” एवढंच म्हटलं. मग सगळं निघालं.

दुसऱ्या रात्री मात्र मी अभ्यासाचं भाषण झोडलं. चार दिवस पुन्हा “हो-नाही”. तेव्हापासून ओलितात मार्कांचा विषय बंद.

एक मात्र पाहा. झोप, जेवण, दोस्त सगळंच सुटत असेल, तर हे नुसतं वयाचं नाही. १४४१६ या टेली-मानस, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाईनच्या नंबरवर मराठीत बोलता येते, पैसे लागत नाहीत.