मदत हवी आहे: 'झुडपात सळसळ झाली' इथपासून 'म्हणून देव' इथपर्यंत कसं पोचायचं?

मृण्मयी_वाचते

नमस्कार मंडळी. धर्माभ्यास विषयात एम.ए. करते आहे. निबंधाचा प्रश्न असा आहे: 'अलौकिक कर्त्यांवरील श्रद्धेचे कॉग्निटिव्ह सायन्सने दिलेले स्पष्टीकरण कितपत समाधानकारक आहे?' मर्यादा ३००० शब्दांची.

पहिला खर्डा बाईंनी परत दिला. 'वर्णन चांगलं आहे, मूल्यमापन कुठे आहे?' असा शेरा. ज्यावर सगळा निबंध उभा आहे तो परिच्छेद इथे देते:

'स्ट्युअर्ट गथ्री यांच्या मते अस्वलाला दगड समजण्यापेक्षा दगडाला अस्वल समजणं परवडतं. पहिल्या चुकीत जीव जातो, दुसरीत फक्त धावपळ वाया जाते. त्यामुळे कुठेही 'कोणीतरी आहे' असं चटकन वाटणारं मन उत्क्रांतीत टिकलं. जस्टिन बॅरेट यांनी या प्रवृत्तीला एचएडीडी, म्हणजे अतितत्पर कर्ताशोध यंत्रणा, असं नाव दिलं. म्हणून माणूस देव, भुतं, पूर्वजांचे आत्मे मानतो.'

शेवटच्या वाक्यातल्या 'म्हणून'भोवती बाईंनी गोल केलाय आणि समासात लिहिलंय, 'हा कुठून आला?' मी खाली 'याबाबत अभ्यासकांत मतभेद आहेत' असं जोडलं होतं, तेही खोडलं. दोन आठवडे त्या गोलाकडे बघते आहे. सुरुवात कुठून करू?

तर्कसंगत

सोपं आहे. एखादी समजूत कशी निर्माण झाली यावरून ती खरी की खोटी हे ठरत नाही. उगमावरून निकाल देणं हा जुना तर्कदोष आहे. मेंदू देव 'शोधतो' म्हणून देव नाही असं होत नाही. हे लिहा आणि सिद्धान्त निकालात काढा. मूल्यमापन झालं.

रात्रपाळी

मी शास्त्रातली नाही, नर्स आहे. पण 'कोणीतरी आहे असं वाटणं' हे अगदी जवळून पाहिलंय म्हणून लिहिते. नोकरीच्या पहिल्या वर्षी रात्री वॉर्डात एकटी असताना लांबच्या टोकाला पावलं ऐकू आली. अंगावर काटा आला. टॉर्च घेऊन गेले तर सलाइनचा स्टँड जाळीच्या दाराला लागून वाऱ्याने हलत होता. विषय संपला, मला पुन्हा काही वाटलं नाही. माझ्याबरोबरच्या एका सिस्टरने मात्र तोच आवाज ऐकून आदल्या महिन्यात गेलेल्या एका आजोबांचं नाव घेतलं. मी तिला स्टँड दाखवला, तरी ती म्हणाली, 'आज स्टँड असेल.' तुम्हाला भुतांचे अनुभव हवे असतील तर अजून सांगू शकेन.

अरण्यवाट

रात्रपाळी ताई, मृण्मयीने अनुभव मागितलेले नाहीत. पण तुम्ही नकळत तिच्या प्रश्नाच्या गाभ्यालाच हात घातला आहे, म्हणून तुमचीच गोष्ट धरून लिहितो.

आधी तर्कसंगत यांच्याबद्दल. तुमचं म्हणणं चूक नाही, पण ते वेगळ्या प्रश्नाचं उत्तर आहे. निबंधात 'देव आहे का' असं विचारलेलं नाही. 'हे स्पष्टीकरण समाधानकारक आहे का' असं विचारलंय. श्रद्धा खरी असो वा खोटी, ती का निर्माण होते हे नीट सांगितलंय की नाही, एवढंच तपासायचं आहे.

आता 'म्हणून'. त्या एका शब्दात तीन उड्या दडल्या आहेत. आवाजावरून 'कोणीतरी आहे' असं वाटणं ही पहिली. 'कोणीतरी'वरून 'ते आजोबा आहेत' ही दुसरी. स्टँड दिसल्यावरही ती खात्री टिकून राहणं ही तिसरी. वॉर्डातल्या दोघींनी पहिली उडी सारखीच घेतली. पुढच्या दोन फक्त एकीने घेतल्या. यंत्रणा दोघींत सारखीच असेल, तर फरक कशाने पडला हे एकटी ती यंत्रणा सांगू शकत नाही. मृण्मयी, तुझं मूल्यमापन इथून सुरू होतं. प्रत्येक उडीला वेगळा पुरावा माग.

पहिल्या उडीचा पुरावा बऱ्यापैकी भक्कम आहे. १९४४ साली हायडर आणि झिमेल यांनी लोकांना एक छोटी फिल्म दाखवली. त्यात दोन त्रिकोण आणि एक वर्तुळ इकडेतिकडे सरकतात, एवढंच. काय दिसलं ते लिहा, असं सांगितल्यावर ३४ जणींच्या गटातल्या फक्त एकीने जवळजवळ संपूर्ण वर्णन भूमितीच्या भाषेत केलं. बाकीच्यांना पाठलाग, दादागिरी, घाबरणं असलं काहीतरी दिसलं. पण हे दाखला म्हणून देताना एक गोष्ट विसरू नकोस. ते त्रिकोण खरोखर जिवंत आहेत असं मानून कोणी घरी गेलं नाही. 'तसं दिसणं' आणि 'तसं मानणं' यात अंतर आहे, आणि तुझा 'म्हणून' ते एका ढांगेत ओलांडतो.

शिवाय तुझ्या परिच्छेदातला अस्वलाचा मुद्दा भीतीवर उभा आहे. धोका वाढला की खोटे इशारे वाढायला हवेत. माय, व्हॅन स्की आणि व्हॅन एल्क यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगमालिकेत नेमकं हेच तपासलं, आणि धोक्याची जाणीव करून दिल्यावर कर्ता दिसण्याचं प्रमाण अपेक्षेप्रमाणे वाढल्याचं आढळलं नाही. प्रयोगशाळेतली भीती ती कितीशी खरी, हा आक्षेप घेता येतो आणि तो रास्त आहे. तरी ज्या भाकितावर सगळी कहाणी सांगितली जाते तेच सहजासहजी हाती लागत नाही, हे लिहायला हवं.

दुसरी उडी मला सर्वांत महत्त्वाची वाटते. त्याच वर्षी अँडरसन आणि सहकाऱ्यांनी लोकांना आभासी जंगलात फिरवलं. जंगलात कोणी भेटण्याची शक्यता जास्त आहे असं ज्यांना आधी सांगितलं होतं, त्यांना नसलेले प्राणी किंवा माणसं जास्त 'दिसली'. म्हणजे बाण उलटा फिरतो. चाहूल लागली म्हणून श्रद्धा आली असं नाही. आधीपासून अपेक्षा होती म्हणून चाहूल लागली. ताईंच्या सहकारी सिस्टरकडे आजोबांचं नाव तयार होतं, ते आवाजाने दिलेलं नाही.

पूर्वपक्ष

अरण्यवाट, मांडणी आवडली, पण बॅरेटवर थोडा अन्याय होतोय. फक्त एचएडीडीमुळे देव निर्माण झाले असं त्याने म्हटलेलं नाही. दुसऱ्याच्या मनात काय चाललंय हे ओळखण्याची क्षमता, लक्षात राहतील अशा किंचित विपरीत कल्पना, आजूबाजूच्या लोकांनी सांगितलेल्या गोष्टी, हे सगळं तो धरतो. यंत्रणेचं काम बहुतेकदा आधीच मिळालेल्या कल्पनेला बळ देण्याचं आहे. सिस्टरला आजोबांची कल्पना इतरांकडून मिळाली आणि आवाजाने ती पक्की केली, असं म्हटलं तर तुमचा जंगलाचा प्रयोग त्याच्या विरोधात जातो का? मृण्मयीने बॅरेटचं सर्वांत दुबळं रूप घेऊन ते पाडलं तर बाई पुन्हा गोल करतील.

अरण्यवाट

मान्य. मृण्मयी, हे नक्की घे. आधी त्याचं सर्वांत सशक्त रूप मांड आणि मग तपास.

पण पूर्वपक्ष, त्या सशक्त रूपाची किंमतही मोजायला हवी. 'यंत्रणा बळ देते' एवढंच उरलं तर मूळ दावा बराच आकसला. श्रद्धा का आहे याचं मुख्य उत्तर आता लोकांकडून काय मिळालं, याकडे सरकलं. आणि चाहूल लागली तरी बळ, न लागली तरी परंपरा, असं असेल तर काय आढळलं म्हणजे हा दावा चुकीचा ठरेल?

पूर्वपक्ष

समान शिकवण मिळालेल्या लोकांपैकी ज्यांना अशा चाहुली जास्त लागतात त्यांची श्रद्धा पुढे वाढत नाही, असं आढळलं तर चुकीचा ठरेल. दीर्घकाळ मागोवा घेतल्याशिवाय ते कळणार नाही. म्हणून मी तरी निकाल राखून ठेवीन.

अरण्यवाट

मी तुमच्याइतका आशावादी नाही. विलर्ड आणि नोरेन्झायन यांनी २०१३ साली अमेरिका आणि कॅनडातल्या लोकांची पाहणी प्रसिद्ध केली. निर्जीव गोष्टींत मानवी गुण पाहण्याची प्रवृत्ती अतींद्रिय शक्तींबद्दलच्या समजुतींशी जोडलेली निघाली, ईश्वरावरच्या श्रद्धेशी नाही. हा परस्परसंबंध आहे, कारण नव्हे, आणि दोनच देशांतला आहे. तरी मृण्मयीने 'देव, भुतं, पूर्वजांचे आत्मे' एका दमात लिहिलंय, त्याला यातून धक्का बसतो. बहुधा या सगळ्यांना एकच स्पष्टीकरण लागू पडणार नाही.

तिसऱ्या उडीसाठी जर्व्हे आणि हेनरिक यांचा २०१० सालचा 'झ्यूसचा प्रश्न' वाच. झ्यूसची कल्पना आजही तितकीच लक्षात राहण्याजोगी आहे, तरी त्याला मानणारे आज जवळपास नाहीत. कल्पनेचा घाट बदललेला नाही. बदललं ते हे, की आजूबाजूला कोणी त्याच्यासाठी काही सोसताना, खर्च करताना, वेळ देताना दिसत नाही.

तर्कसंगत

माझा मुद्दा वेगळ्या प्रश्नाचा होता, कबूल. पण मग हे बघा: यंत्रणा इतके खोटे इशारे देत असेल, तर तिच्यावर आधारलेली श्रद्धा निदान संशयास्पद ठरत नाही का? म्हणजे मी आधी म्हणालो त्याच्या उलट.

अरण्यवाट

ठरू शकते, पण श्रद्धा खरोखर त्या यंत्रणेतून आली असेल तरच. 'म्हणून' कच्चा असेल तर या युक्तिवादाचा पायाही कच्चा. बॅरेट स्वतः ख्रिस्ती आहे आणि त्याला यात विरोध दिसत नाही, हेही लक्षात घ्या. मृण्मयी, याला एकच परिच्छेद दे, नाहीतर निबंध तत्त्वज्ञानाच्या वर्गात जाऊन बसेल.

ओवीकार

उशिरा आले. कोणी विचारलं नाही म्हणून विचारते: 'अलौकिक' ही वर्गवारी कोणाची? अनेक समाजांत पूर्वज हे घरचेच, निसर्गापलीकडचे नाहीत. स्पष्टीकरणाच्या आधी जे स्पष्ट करायचं त्याचं वर्णन मानणाऱ्यांच्या शब्दांत हवं. वेन प्राउडफुट यांनी १९८५ मध्ये हा भेद चांगला मांडलाय: वर्णन करताना माणसाचा अनुभव त्याला अनोळखी वाटेल असा बदलू नये, स्पष्टीकरण मात्र त्याला न पटणारं असू शकतं. धर्माभ्यासाच्या बाईंना हे दिसलं नाही तर त्या शोधतील.

मृण्मयी_वाचते

सगळ्यांचे मनापासून आभार. रात्री बसून परिच्छेद पुन्हा लिहिला:

'चाहूल लागण्याची तत्परता माणसात आहे, हे मान्य करायला पुरेसा आधार आहे. मात्र ती चाहूल कोणाची हे ठरवण्यात आधीच्या अपेक्षेचा वाटा दिसतो, आणि ती समजूत टिकण्यामागे इतरांच्या आचरणाचा. म्हणून बॅरेटचा दावा श्रद्धेच्या उगमापेक्षा तिच्या दृढीकरणाबद्दल अधिक पटतो, आणि तिथेही तो अजून तपासायचा आहे.'

रात्रपाळी ताई, तुमची वॉर्डातली गोष्ट पुरावा म्हणून घेतली तर चालेल का?

अरण्यवाट

हा 'म्हणून' टिकेल. गोष्ट मात्र पुरावा म्हणून नको. वर्षांनंतर सांगितलेली एक आठवण आहे ती. तीन उड्या वेगळ्या कशा हे दाखवायला उदाहरण म्हणून घे.

रात्रपाळी

खुशाल घे गं. फक्त एक कर, त्या सिस्टरला भोळी म्हणून दाखवू नकोस. त्या आजोबांची शेवटची तीन आठवडे सेवा तिने केली होती. मी त्यांना ओळखतही नव्हते.

ओवीकार

मृण्मयी, हे वाक्य मात्र निबंधात यायलाच हवं. दोघींमधला फरक मी तरी आधी इथे शोधेन.