अनुभव धागा : तीस माणसांच्या कारखान्यात पायऱ्या किती असाव्यात?

धागा सुरू करणारी, आर्वी तालुका

आमच्या जिनिंग-प्रेसिंग कारखान्यात मी हिशोब आणि हजेरी सांभाळते. मोसमात आम्ही कायमचे तीस जण असतो आणि हमाल त्याखेरीज असतात. मालकांनी या दिवाळीपासून मधली पदे कमी करून सर्वांना थेट स्वतःशी जोडायचे ठरवले आहे. निरोप लवकर पोहोचावेत हा त्यांचा हेतू मला पटतो. मात्र मधल्या पायऱ्या काढल्यावर आमच्यातला हुशार ग्रेडर पुढे कुठे चढेल, हे मला कळेनासे झाले आहे. ज्यांनी असे लहान कारखाने किंवा कंपन्या आतून पाहिल्या आहेत, त्यांनी निरोप किती वेळात पोहोचत असे आणि माणूस किती वाढला, या दोन्ही बाजूंनी आपला अनुभव लिहावा.

जिनिंगमधील व्यवस्थापक, हिंगणघाट परिसर

मी याच धंद्यात एकवीस वर्षे आहे आणि ही दोन्ही टोके एकाच कारखान्यात पाहिली आहेत, म्हणून थोडे सविस्तर लिहितो.

पूर्वी आमची रचना अशी होती : मालक, एक व्यवस्थापक, दोन पाळीप्रमुख, चार मुकादम आणि उरलेले बावीस ग्रेडर, फिटर, कार्यालयातील आणि यंत्रावरील लोक. एका नोव्हेंबरच्या सकाळी ग्रेडरने एका मेटॅडोरच्या कापसात मॉइश्चर मीटर घातले, तेव्हा काटा चौदावर गेला. आठ टक्के ओलावा हा खरेदीचा मूळ आधार आणि बारापर्यंत कपात करून माल घेतात, त्यामुळे चौदाचा माल वेगळा ठेवायला हवा, हे ग्रेडरला पक्के ठाऊक होते. तरीही गाडी थांबवण्याचा अधिकार त्याच्याकडे नव्हता. त्याने मुकादमाला सांगितले, मुकादमाने पाळीप्रमुखाला गाठले, पाळीप्रमुख प्रेसवर अडकला होता आणि मी बँकेत होतो. मालकांपर्यंत निरोप पोहोचला तेव्हा दीड तास उलटला होता आणि निरोपाचे शब्दही बदलले होते. ‘ओलावा चौदा’ याचे वाटेत ‘माल जरा ओलसर आहे’ असे झाले होते. ‘जरा’ ऐकून मालक म्हणाले, “उतरवून घ्या.” तोवर आणखी दोन गाड्यांचा कोरडा माल त्याच गंजीवर पडला होता.

चार दिवसांनी गंजीत हात घातला तर आत ऊब लागत होती. जिनच्या रोलरला तंतू गुंडाळू लागले, सरकी चिरडली आणि रुईला पिवळी झाक आली. गाठी बांधल्या तेव्हा खरेदीदाराने भावात कपात केली. दीड तासातला बराचसा वेळ बोलण्यात गेलेला नव्हता; प्रत्येक पायरीवर ‘वरचा माणूस भेटेपर्यंत’ थांबण्यात गेला होता.

पुढच्या मोसमात मालकांनी सगळी मधली पदे काढली आणि प्रत्येकाने त्यांना थेट फोन करावा असे सांगितले. पहिले तीन आठवडे निर्णय खरोखरच मिनिटांत होत. मग आवक वाढली आणि गाड्यांची रांग फाटकाबाहेर गेली. एका दुपारी मालक नागपूरला न्यायालयाच्या कामात होते आणि त्यांचा फोन बंद होता, तेव्हा उतराई अडीच तास ठप्प होती. आधी चार दारांपाशी थांबणारा निरोप आता एकाच दारापाशी रांग लावून उभा होता. त्यातच चार मुकादमांपैकी दोघे शेजारच्या जिनिंगमध्ये निघून गेले. त्यांचा पगार कमी केलेला नव्हता, परंतु गावात ज्या पदाने त्यांची ओळख होती ते पद गेले होते.

आता मुकादम आणि पाळीप्रमुख यांचे काम एकत्र करून आम्ही तीनच पायऱ्या ठेवल्या आहेत, पण खरा फरक पडला तो एका कागदाने. कोणता निर्णय कोणी, कोणालाही न विचारता घ्यायचा, ते त्यावर लिहिले आहे. बारापर्यंतची कपात ग्रेडर ठरवतो, बाराच्या वर गेला की माल वेगळ्या ओट्यावर उतरवायचा हेही तोच ठरवतो आणि मला नंतर कळवतो. वेगळा ठेवलेला माल घ्यायचा की परत पाठवायचा, एवढेच माझ्यापर्यंत येते. निरोपाचा वेग पायऱ्यांच्या संख्येपेक्षा निर्णय कोणत्या पायरीवर संपतो यावर अधिक ठरतो, असे माझे मत झाले आहे.

शेतकरी उत्पादक कंपनीतील कार्यकारी अधिकारी, वाशीम जिल्हा

मी वरील मताशी सहमत नाही. आम्ही सोयाबीन आणि तूर खरेदी करतो आणि आमच्याकडे पायऱ्याच नाहीत. सगळे एका व्हॉट्सअॅप गटात आहेत, जो भाव सकाळी ठरतो तो पाच मिनिटांत सर्वांना कळतो. पायरी म्हणजे उशीर, हे इतके सरळ आहे.

हिंगणघाट परिसर

आपल्या गटात किती जण आहेत, आणि भाव ठरवतो कोण?

वाशीम जिल्हा

सुरुवातीला बारा होते, आता अठ्ठावीस आहेत. गटात संदेश फार येतात हे मान्य करतो; मागच्या महिन्यात बारदाना संपल्याचा संदेश त्यात बुडाला आणि तो कोणीच वाचला नाही. भाव मात्र संचालक मंडळ ठरवते. उत्पादक कंपनीत किमान पाच संचालक असावेच लागतात, त्यामुळे तेवढी एक पायरी आमच्याकडेही आहे, हे लिहिताना माझ्याच लक्षात आले.

हिंगणघाट परिसर

बारा जणांत दोघादोघांच्या जोड्या सहासष्ट होतात, तीस जणांत चारशे पस्तीस. बारा जणांत जो गट चालतो तोच अठ्ठावीस जणांत का बुडतो, याचे कारण मला यातच दिसते.

डाळ मिलचे जुने कर्मचारी, अकोट

आमच्या मिलमध्ये मालकापासून हमालापर्यंत सगळे एकमेकांना ‘भाऊ’ म्हणतात आणि दुपारी एकत्र डबा खातात. त्यामुळे लहान-मोठे असे काही नाहीच. चौतीस वर्षे मी असाच काम करत आलो.

धागा सुरू करणारी

भाऊ, ही आपुलकी मोलाचीच आहे. माझा प्रश्न मात्र अधिकाराचा होता. जाळी फाटून डाळीत चुरी येऊ लागली, तर यंत्र कोण थांबवतो?

अकोट

मालकालाच विचारावे लागते. एकदा न विचारता थांबवले होते, तेव्हा फार बोलणी खावी लागली होती.

प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सध्या बुटीबोरी

मी जिल्ह्यातील एका तेल मिलमध्ये सहा वर्षे सरकीतील तेलाचे प्रमाण आणि आम्लता तपासत होते. तेथे पायऱ्या नव्हत्या. मालकांशी थेट बोलता येई, माझे ऐकलेही जाई आणि शेवटच्या दोन वर्षांत नव्या तीन मुलींना मीच शिकवले. पहिल्या दिवशी माझे पद ‘लॅब असिस्टंट’ होते आणि शेवटच्या दिवशीही तेच होते. बुटीबोरीला मुलाखतीत विचारले, “तुमच्या हाताखाली किती जण होते?” कागदावर उत्तर ‘कोणीही नाही’ असे होते. मी तीन जणींना शिकवल्याचे सांगितले, तर त्यांनी पत्र मागितले आणि ते माझ्याकडे नव्हते. मला सहा वर्षांच्या अनुभवाऐवजी दोन वर्षांचा धरून पगार मिळाला. थेट संवादाचा वेग मला त्या मिलमध्ये रोज मिळत होता आणि त्याची किंमत मी बाहेर पडताना मोजली.

हिंगणघाट परिसर

ताई, याच कारणाने आम्ही ग्रेडरसाठी हाताखाली माणसे न देता तीन टप्पे केले : मीटर वापरून प्रतवारी करणारा, कपात स्वतः ठरवणारा, आणि नव्यांना शिकवून त्यांच्या प्रतवारीवर सही करणारा. प्रत्येक टप्प्याला लेखी पत्र देतो. अडचण पगाराची आहे. दुसऱ्या टप्प्याला आम्ही दरमहा बाराशे रुपये वाढवू शकलो. तिसऱ्याला या मोसमात काहीच देता आले नाही आणि तो मुलगा अस्वस्थ आहे.

धागा सुरू करणारी

मी निर्णयांचा कागद आणि टप्प्यांची पत्रे या दोन्ही गोष्टी सोमवारी मालकांसमोर ठेवणार आहे. कागदाला ते तयार होतील असे वाटते. तिसऱ्या टप्प्याची वाढ कोणत्या खर्चातून काढावी, याचे उत्तर मला अजून सापडलेले नाही; कोणी काढून दाखवली असेल तर आकड्यांसह लिहावे.