शब्दचर्चा: फायनान्स लीज, ऑपरेटिंग लीज आणि आमची सॉर्टेक्स मशीन

राळेगावची हिशेबनीस

नमस्कार मंडळी. आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, तूर आणि सोयाबीनची. सभासद बहुतेक कास्तकार, म्हणून वार्षिक अहवाल मराठीत काढतो. 1 एप्रिल 2024 ला आम्ही धान्य निवडायची सॉर्टेक्स मशीन लीजवर घेतली. पाच वर्षं, दर 31 मार्चला 2,50,000 रुपये. मी टॅलीत सरळ ‘मशीन भाडे’ म्हणून नोंद टाकली. सीए साहेबांनी ती खोडली, हे फायनान्स लीज आहे म्हणाले, आणि मशीन ताळेबंदात आणली. गोडाऊनचं मात्र ऑपरेटिंग लीज म्हणून भाडंच राहू दिलं.

शासकीय शब्द वापरून मी मसुद्यात ‘वित्तीय भाडेपट्टा’ आणि ‘परिचालन भाडेपट्टा’ लिहिलं. संचालकांच्या बैठकीत एका काकांनी विचारलं, “मशीन आपल्या मालमत्तेत दिसते, तर तीच बँकेत गहाण ठेवून कर्ज घेऊ ना?” दुसरे म्हणाले, “पट्टा आहे म्हणजे ती आपली नाहीच, मग मालमत्तेत लिहिली कशी?” दोघांनाही माझ्या शब्दांतून उत्तर मिळालं नाही. अर्थ पोचवणारे शब्द सुचवा.

दर्यापूरचे गुरुजी

ताई, ‘वित्तीय’ हा शब्द इथे काहीच सांगत नाही. भाडं पैशातच द्यायचं असतं, मग कोणता भाडेपट्टा वित्तीय नाही? ‘परिचालन’ ऐकून तर कुणी मशीन चालवणारा माणूसही सोबत येतो असं समजेल. जुन्या वाणिज्य पुस्तकांत ‘भाडेखरेदी’ हा छान शब्द होता. हप्ते भरत जायचे, शेवटी वस्तू आपली. तुमच्या करारात शेवटी मशीन तुम्हाला मिळते का? मिळत असेल तर दुसरा शब्द शोधायची गरजच नाही.

गडचिरोलीकर

आमच्याकडे ‘पट्टा’ म्हटलं की लोकांना वनहक्काचा पट्टा आठवतो, 2006 च्या कायद्याचा. ती जमीन पिढ्यान्‌पिढ्या कसता येते, मुलांना वारसाने जाते, पण विकता येत नाही. आमच्या भागातल्या सभासदाला ‘भाडेपट्टा’ ऐकवलात तर तो अर्धा हक्क मिळाला असंच समजेल. तुमच्या मशीनचंही थोडं तसंच दिसतं. वापर पूर्ण तुमचा, विकायचा हक्क नाही.

वर्धेचा लेखापाल

ताई, शब्द ठरवण्याआधी करारातल्या तीन गोष्टी पाहा. शेवटच्या पानावर पाच वर्षांनंतर मशीनचं काय होणार ते लिहिलेलं असेल. करार मध्येच मोडला तर काय, त्याचं कलम वेगळं असेल. आणि करार केला त्या दिवशी मशीनची रोख किंमत किती होती, ते कळवा.

राळेगावची हिशेबनीस

बघितलं. शेवटी 500 रुपये भरले की मशीन आमच्या नावावर. मध्ये मोडलं तर उरलेले सगळे हप्ते एकदम भरायचे. विमा आणि दुरुस्ती आमच्याकडे. रोख किंमत 9,48,000.

वर्धेचा लेखापाल

मग तुमच्या सीएंचं बरोबर आहे. गावात बैल दिला-घेतला की पहिला प्रश्न असतो, बैल मेला तर कोणाचा मेला? एएस 19 हे लेखामानक तेच विचारतं. कागदावरचा मालक कोण हे ते पाहत नाही. वस्तू बिघडली, जुनाट झाली, पडून राहिली तर तोटा कोणाचा आणि तिच्यापासूनची कमाई कोणाची, हे पाहतं. लाख-लाख रुपयांची मशीन 500 रुपयांत कोण सोडून देईल? ती तुम्हीच घेणार हे पहिल्या दिवशीच ठरलेलं आहे. विमा आणि दुरुस्ती तुमच्याकडे असणं एवढ्यावरून मात्र काही ठरत नाही, साध्या भाड्यातही कधीकधी तसं असतं.

आता आकडे. दर साल 10 टक्के व्याज धरून तुमचे पाच हप्ते आणि शेवटचे 500 कराराच्या पहिल्या दिवसाच्या किमतीत आणले तर जवळपास नेमके 9,48,000 येतात. म्हणजे मालकाने मशीनची सगळी किंमत तुमच्याकडूनच वसूल करायची ठरवली आहे. नावाला भाडं, प्रत्यक्षात कर्ज. म्हणून पहिल्या दिवशी मशीन खाते नावे 9,48,000 आणि लीजचे देणे खाते जमा 9,48,000.

31 मार्च 2025 ला दिलेल्या अडीच लाखांचे दोन तुकडे होतात. 94,800 व्याज, ते खर्चात. उरलेले 1,55,200 देण्यातून कमी होतात, तो खर्च नव्हे. देणं उरलं 7,92,800. त्यातले पुढच्या वर्षी फिटायचे 1,70,720 चालू देण्यांत दाखवायचे आणि बाकीचे 6,22,080 दीर्घ मुदतीच्या कर्जात. शिवाय मशीनचा घसारा. ती शेवटी तुमचीच होणार म्हणून घसारा पाच वर्षांवर नाही, मशीनच्या आयुष्यावर. 15 वर्षं आणि शेवटी 5 टक्के किंमत उरेल असं धरलं तर सरळ पद्धतीने वर्षाला 60,040.

राळेगावची हिशेबनीस

म्हणजे पहिल्या वर्षी मशीनपायी खर्च 1,54,840 आणि मी टाकले होते 2,50,000. मशीनचा खर्च धरण्याआधी आमचा नफा 2,20,000 होता. माझ्या नोंदीने 30,000 चा तोटा दिसत होता, आता 65,160 नफा दिसतो. सभासद विचारतील, पैसे तर तेवढेच गेले ना?

वर्धेचा लेखापाल

तेवढेच गेले. पण तुमच्या नोंदीत जवळपास आठ लाखांचं देणं कुठेच दिसत नव्हतं. तुमचं भागभांडवल किती आहे मला माहीत नाही, पण समजा 10 लाख आहे. त्याच्याशेजारी हे देणं बसलं की बँकवाला वेगळ्या नजरेने बघतो, आणि बघायलाच पाहिजे. गहाण ठेवू म्हणणाऱ्या काकांना सांगा की कागदावरची मालकी अजून समोरच्याची आहे, गहाण ठेवता येणार नाही. म्हणूनच लीजवरची मालमत्ता स्वतःच्या मालमत्तेपासून वेगळ्या ओळीत दाखवावी लागते. आणि दुसऱ्या काकांसाठी एक गोष्ट. ज्याच्या नावावर मशीन आहे, त्याच्या ताळेबंदात ती मशीन नाहीच. तिथे फक्त तुमच्याकडून येणं आहे. मशीन एकाच वहीत आहे, ती तुमच्या.

पुण्यातला पुसदकर

मी ऑडिटमध्ये काम करतो. ही चर्चाच आता जुनी झाली. 1 एप्रिल 2019 पासून इंड एएस 116 हे लीजचं नवं मानक आलं आणि दोन्हींतला फरक संपला. वर्षापेक्षा जास्त मुदतीची जवळपास सगळी लीज ताळेबंदात येतात. गोडाऊनही यायला हवं. आणि आयुष्याच्या 75 टक्क्यांपेक्षा जास्त मुदत असेल तर फायनान्स लीज, हा ठोक नियम तर आहेच. तुमची मशीन 15 वर्षांत फक्त पाच वर्षं लीजवर आहे, मग ते फायनान्स लीज कसं?

वर्धेचा लेखापाल

भाऊ, पहिला मुद्दा मोठ्या कंपन्यांसाठी बरोबर आहे. इंड एएस शेअर बाजारात नोंदलेल्या किंवा 250 कोटी आणि त्यावर नक्त मूल्य असलेल्या कंपन्यांना लागतं. ताईंची कंपनी त्यात बसत नाही, तिला एएस 19 च. शिवाय 116 मध्येही फरक संपला तो फक्त वस्तू घेणाऱ्याच्या वहीतून. देणाऱ्याला अजूनही फायनान्स की ऑपरेटिंग हे ठरवावंच लागतं. त्यामुळे गोडाऊन घेणारी मोठी कंपनी वापराचा हक्क मालमत्तेत दाखवते आणि गोडाऊनचा मालक गोडाऊनही दाखवतो.

75 टक्के हा जुन्या अमेरिकी मानकातला आकडा. आपल्या मानकात ‘आयुष्याचा मोठा भाग’ एवढंच आहे. आणि ही सगळी चिन्हं एकदम जुळावी लागत नाहीत. इथे मुदत कमी आहे, पण 500 रुपयांचं कलम एकटंच पुरेसं आहे.

पुण्यातला पुसदकर

नक्त मूल्याची अट माझ्या लक्षातून गेली. आमच्याकडे सगळे क्लायंट मोठेच. 75 चं बघून घेतो.

आर्णीचा ठोकेवाला

मी साधा कास्तकार. पाच एकर वावर ठोक्यानं करून राह्यलो, एकरी 10 हजार. पैसे पाडव्यालेच मोजून देले. पाऊस नाही आला, बोंडअळी आली, तरी मालक एक रुपया वापस करत नाही. म्हंजे जोखीम सगळी माही. मंग बैल मेला तर माहाच मेला ना? थे वावर माह्या वहीत लिहा लागते काय? अन्‌ वहीत आलं तर सोसायटीचं पीककर्ज मले भेटन काय?

वर्धेचा लेखापाल

भाऊ, तुमचं पीक मेलं, वावर नाही मेलं. पिकाची जोखीम तुमची आहे. वावराचा भाव वाढला तर फायदा मालकाचा, आणि पुढच्या पाडव्याला वावर त्याच्याकडेच परत. म्हणून ते तुमच्यासाठी साधं भाडंच. आणि जमीन वापरायचे करार एएस 19 मध्ये येतच नाहीत. पीककर्जाचा प्रश्न वेगळाच आहे. लेखी करार नसेल तर अडचण येते. तालुक्याच्या बँकेत विचारा, मी इथून हो म्हणत नाही.

दर्यापूरचे गुरुजी

पण या भावाने शब्द दिला की! ‘ठोका’ म्हणजे ऑपरेटिंग लीज. ठरलेली रक्कम, ठरलेला काळ, वस्तू परत. ‘मक्ता’ही चालेल, पण त्यात वसुलीचा आणि कंत्राटाचा वास आहे. ‘बटई’ नको, तिथे हिस्सा असतो.

राळेगावची हिशेबनीस

ठोक्यात पैसे एकदम आधी देतात गुरुजी, आमच्या गोडाऊनचं तसं नाही. तीन वर्षांचा करार आहे, पहिल्या वर्षी 60,000, मग 66,000, मग 72,000. सीएंनी तिन्ही वर्षं 66,000 खर्च दाखवायला सांगितलं आणि पहिल्या वर्षीचे न दिलेले 6,000 देण्यांत ठेवायला लावले. मला ते अजून पटलेलं नाही. बिलच 60,000 चं आहे.

वर्धेचा लेखापाल

गोडाऊन तिन्ही वर्षं सारखंच वापरणार, म्हणून खर्चही सारखा वाटायचा. भाडं वाढतं ठेवणं ही पैसे देण्याची सोय आहे. दुसऱ्या वर्षी दिलेलं आणि दाखवलेलं सारखंच, तिसऱ्या वर्षी 72,000 देऊन 66,000 दाखवाल आणि ते 6,000 फिटतील. वापरच दरवर्षी वाढणार आहे असं दाखवता आलं, तर वेगळी वाटणी चालते.

राळेगावची हिशेबनीस

तिसऱ्या वर्षी फिटतात हे कळलं. शब्दांचं असं करते. गोडाऊनसाठी ‘वापरभाडे’. मशीनसाठी ‘भाडेखरेदी’.

गडचिरोलीकर

‘वापरभाडे’ उत्तम. पण प्रत्येक फायनान्स लीजमध्ये शेवटी खरेदी असतेच असं नाही ना? समजा एखादी मशीन आठच वर्षं टिकते आणि करार आठ वर्षांचा आहे, शेवटी भंगार मालकाला परत. तिथे ‘भाडेखरेदी’ खोटं ठरेल.

वर्धेचा लेखापाल

बरोबर. भाडेखरेदी एएस 19 च्या लीजमध्येच मोडते, पण प्रत्येक फायनान्स लीज भाडेखरेदी नसतं. मी ‘मालकीवजा भाडे’ म्हणेन.

दर्यापूरचे गुरुजी

‘मालकीवजा’ वाचून ते काका पुन्हा गहाण ठेवायला निघतील. मी ‘कर्जवजा भाडे’च्या बाजूने. देणं आहे हे निदान डोळ्यांसमोर राहील.

राळेगावची हिशेबनीस

या वर्षीच्या अहवालात ‘भाडेखरेदी’ छापते, आमच्या करारात 500 रुपयांत खरेदी आहेच. खाली एक ओळ टाकते, ‘मशीन वापरात आपली, मालकी शेवटचा हप्ता आणि 500 रुपये भरल्यावर, तोवर गहाण किंवा विक्री नाही.’ पुढच्या हंगामात डाळ मिलही लीजवर घ्यायचं चाललंय, आणि त्या करारात शेवटी मशीन परत द्यायची आहे. तेव्हा ‘कर्जवजा’ आणि ‘मालकीवजा’ पुन्हा काढू.