मदत हवी आहे: सात प्राचलांच्या रूपांतरात कालव्याबाहेरची उंची चुकते

कालव्याच्या जुन्या व नव्या स्थानिक प्रणालींमध्ये पाच समाईक बिंदू घेऊन मी तीन सरकाव, तीन परिवलने आणि मापगुणक काढले. मापगुणकातला ९४ पीपीएमचा फरक पटतो, कारण जुनी अंतरे समुद्रसपाटीवर आणलेली आहेत आणि जमीन सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. पाचही बिंदूंवर शेषत्रुटी एक सेंटिमीटरच्या आत असूनही, रेषेपासून ८०० मीटर दूरच्या तपासणी बिंदूची उंची ११ सेंटिमीटरने चुकते.

पाचही बिंदू जवळजवळ एका रेषेत असल्याने, त्या रेषेभोवतीच्या परिवलनाची प्रमाण त्रुटी ३० सेकंद येते. दोन्हीकडच्या उंच्या लेव्हलिंगच्या असताना ते परिवलन शून्य धरून उरलेली सहा प्राचले काढणे योग्य ठरेल, की रेषेबाहेरचा समाईक बिंदू मोजणे अपरिहार्य आहे? अनुभवींनी कृपया मार्गदर्शन करावे.