मदत हवी आहे: आईच्या मानेवरचे लोंबणारे मस तसेच ठेवले तर चालतील का?

रानजाई: आईचं वय ४८. मानेवर सात-आठ आणि काखेत तीन मऊ, कातडीच्याच रंगाचे मस आहेत. सगळ्यात मोठा तुरीच्या दाण्याएवढा. दुखत नाहीत. परवा मंगळसूत्रात अडकून एक ओढला गेला आणि आता काळा पडलाय. काढावेत की राहू द्यावेत?

बाभूळ: चामखीळ पसरते, लगेच काढा. घोड्याचा केस घट्ट बांधायचा, आठ दिवसांत गळते.

त्वचाविचार: पसरते ती विषाणूची चामखीळ. ती खरखरीत असते, बहुधा हातापायांवर येते. रानजाईताई सांगताहेत ते मस वेगळे, जिथे कातडी घासते तिथे येणारे. एकाचा संसर्ग होऊन दुसरा येत नाही. मऊ, देठावर लोंबणारा आणि बरेच दिवस तसाच असलेला मस आयुष्यभर ठेवला तरी चालतो.

काळा पडलेल्याचा देठ पिळला गेला असावा. रक्त पोचलं नाही की मस काळा होतो, सुकतो आणि काही दिवसांत गळून पडतो. ओढू नका. दोन आठवड्यांत गळला नाही, किंवा पू, रक्त आलं, तर दाखवा. आधीपासूनच काळा, कडक, रुंद बुडाचा किंवा भराभर वाढणारा असेल, तर तो मस समजून थांबू नका.

केस बांधून गळतो, हे खोटं नाही. पण गाठ सैल राहिली तर देठ अर्धाच मरतो आणि काखेच्या घामात चिघळतो. चुना-सोड्याने तर आजूबाजूची कातडी भाजते, डाग राहतो.

सोनचाफा: माझ्या बोटावर नखाशेजारी खडबडीत गाठ आहे, मध्ये काळे ठिपके. तीही राहू देऊ?

त्वचाविचार: ती विषाणूची वाटते. कुरतडू नका, वेगळा धागा काढा.

रानजाईताई, मानेची कातडी मळल्यासारखी काळपट, मखमली झाली आहे का? घासून निघत नाही अशी?

रानजाई: हो! आम्ही साखळीचा डाग समजत होतो. वजनही वाढलंय.

त्वचाविचार: मग मसांपेक्षा साखर आधी बघा. उपाशीपोटी साखर आणि एचबीए१सी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्ततपासणी, करून घ्या. उपाशीपोटी १०० ते १२५ किंवा एचबीए१सी ५.७ ते ६.४ आलं तर मधुमेहाची पूर्वपायरी. मस असले म्हणजे मधुमेह असतोच असं नाही, पण मस आणि असा काळपटपणा एकत्र असेल तर तपासणी टाळू नये.

बाभूळ: साखर कमी केली की मस जातील म्हणजे.

त्वचाविचार: आहेत ते सहसा जात नाहीत. काळपटपणा मात्र वजन उतरलं की फिका पडू शकतो. दागिन्यात अडकणारे तेवढे त्वचारोगतज्ज्ञ बधिर करून कात्रीने किंवा विजेच्या सुईने काढतात. रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा.

रानजाई: गोळी नाही. पण काखेतल्या एकाला देठ दिसत नाही, बूड रुंद वाटतंय.

त्वचाविचार: मग तो एक दाखवूनच घ्या. लिहिलेलं वाचून त्याचं सांगता येणार नाही.