मदत हवी: बॅटरी सेव्हर नक्की काय काय बंद करतो?

काणकोणकर: पाळोळ्याला होमस्टे आहे, सामान आणायला मडगावला स्कूटरने सारखी ये-जा असते. फोन अँड्रॉइड, सेव्हर सकाळपासूनच चालू ठेवतो. फोन खिशात, कानात इअरफोन. स्क्रीन बंद झाली की थोड्या वेळाने मॅप बोलायचा थांबतो. व्हॉट्सॲप वेळेवर येतं, पण बुकिंगच्या मेल फोन उघडल्यावर एकदम धाडकन येतात. एवढं करूनही करमल घाटात बॅटरी उतरतेच. मग वाचतं काय?

फोंड्याचो_बाब: सेव्हर म्हणजे फक्त ब्राइटनेस कमी नि डार्क मोड. रिसेंटमधली सगळी ॲप्स उडवून टाक, बॅटरी टिकेल.

रेंजवाला: बाब, डार्क मोड ओएलईडी स्क्रीनवरच कामाला येतो, एलसीडीवर नाही. आणि ॲप उडवलं की पुढच्या वेळी ते पहिल्यापासून उघडतं, त्यात उलट जास्त जाते.
काणकोणकर, सेव्हरमध्ये मागे चालणाऱ्या ॲप्सचं इंटरनेट अडतं. व्हॉट्सॲपचा निरोप तातडीचा म्हणून सर्व्हरकडून ढकलला जातो, म्हणून तो पोचतो. मेल ॲप अधूनमधून स्वतः विचारायला जात असेल, तर ते ताटकळतं. त्या ॲपच्या बॅटरी सेटिंगमध्ये Unrestricted निवडा. मॅपचं वेगळं आहे: बऱ्याच फोनमध्ये सेव्हर चालू असताना स्क्रीन बंद झाली की लोकेशनच थांबतं, तिथे या सवलतीचा भरवसा धरू नका. वाटेत सेव्हर बंद ठेवा, किंवा फोन हँडलला लावून स्क्रीन चालू ठेवा.
घाटात रेंज तुटक आहे. फोन टॉवर शोधत जोर लावत राहतो आणि सेव्हर त्याला हात लावत नाही. मडगावातच त्या भागाचा मॅप डाउनलोड करा आणि घाटात फ्लाइट मोड टाका. आताच्या बहुतेक फोनमध्ये जीपीएस त्यातही चालतं. तेवढा वेळ फोन मात्र लागणार नाही, हे घरी सांगून ठेवा.

म्हापश्याची_सुनबाई: माझं आयफोनवर वेगळंच. लो पॉवर लावला की स्क्रीन ३० सेकंदांत बंद, बदलायचा पर्यायच पुसट दिसतो. हात पिठात, रेसिपी गायब! चार्जिंग ८० टक्क्यांवर गेलं की मोड आपोआप सुटतो, मग बरं.

रेंजवाला: वहिनी, रेसिपीपुरता तो बंदच ठेवा. स्क्रीन सतत चालू हवी असेल तिथे त्याचा उपयोग थोडाच.

काणकोणकर: मेलला सवलत दिली, सेव्हर बंद करून आज आलो. मॅप शेवटपर्यंत बोलत होता, फ्लाइट मोडमध्येसुद्धा. मेल अजून उशिराच येते.

रेंजवाला: काही कंपन्या स्वतःचं आणखी एक बॅटरी मॅनेजर घालतात, ते वेगळं अडवतं. मॉडेल कुठलं?